थांबलेली पेन्शन आणि हयातीचा दाखला: कोषागाराला अर्ज कसा लिहायचा

प्रश्न: मी 76 वर्षांचा, राज्य शासनाच्या आरोग्य खात्यातून औषधनिर्माता म्हणून निवृत्त. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन यादीवर सही करतो. यंदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर मुलीकडे बंगळूरला होतो, सही राहून गेली. जानेवारीत पेन्शन जमा झाली नाही, फेब्रुवारीतही नाही. बँक म्हणते कोषागारात जा. कोषागारात सांगितलं, अर्ज द्या आणि हयातीचा दाखला जोडा. अर्जात नेमकं काय लिहू? दाखला कुणाकडून घेऊ? तो नोव्हेंबरच्या तारखेचा लागेल का? आणि थांबलेले पैसे मिळतील ना?

उत्तर:

पैसे मिळतील, सगळे मिळतील. हयातीचा दाखला न आल्यामुळे पेन्शन रद्द होत नाही, फक्त तिचं देणं थांबवलं जातं. हे आधी सांगतो, कारण निवृत्तिवेतनाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि समोर येऊन बसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कागदपत्रांच्या काळजीआधी हीच भीती असायची की आता कायमचं बंद झालं. तसं होत नाही.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, नोव्हेंबरच्या तारखेचा दाखला. तो लागत नाही, आणि कुणी मागची तारीख टाकून द्यायला तयार असला तरी घेऊ नका. जो माणूस 12 फेब्रुवारीला साक्षांकन करणाऱ्यासमोर उभा होता, तो डिसेंबरात आणि जानेवारीत हयात होताच, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. म्हणून आजच्या तारखेचा एकच दाखला मागच्या सगळ्या थांबलेल्या महिन्यांसाठी पुरतो. उलट मागची तारीख टाकलेला दाखला तुम्हालाच अडचणीत आणेल. नोव्हेंबरात तुम्ही बंगळूरला होतात, रुग्णालयाची कागदपत्रं तसं सांगतात, आणि दाखल्यावर मात्र गावातल्या अधिकाऱ्याची नोव्हेंबरची सही! कुणी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर साक्षांकन करणाराही अडकेल.

अर्ज लिहिण्याआधी कोषागाराच्या निवृत्तिवेतन शाखेत एक प्रश्न स्पष्ट विचारून घ्या: "माझं निवृत्तिवेतन नेमक्या कोणत्या कारणानं आणि कोणत्या महिन्यापासून थांबवलं आहे?" तुमच्या बाबतीत कारण हयातीच्या यादीवरची सही हेच दिसतं. पण मी अशीही प्रकरणं पाहिली आहेत की माणसाने सही केली होती आणि तरी पेन्शन थांबली. बँकेच्या विलीनीकरणात खातं दुसऱ्या शाखेकडे गेलं, यादी जुन्या शाखेकडेच गेली. किंवा सही झालेली यादी शाखेतून कोषागाराकडे वेळेत पोहोचलीच नाही. अशा वेळी अर्जात "सही राहून गेली" असं लिहिलं तर नसलेली चूक आपण आपल्या अंगावर घेतो. त्याऐवजी शाखेकडे असलेली यादीची स्थळप्रत पाहायला मागायची आणि आपली सही त्यावर असेल तर "दि. अमुक रोजी शाखेत स्वाक्षरी केली आहे" असं लिहायचं. तुमची सही खरोखरच राहिली आहे, तेव्हा तसंच लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

महिन्याबद्दल मुद्दाम सांगतो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. आपली पेन्शन महिना संपल्यावर मिळते. डिसेंबरची पेन्शन जानेवारीच्या सुरुवातीला खात्यात येते. नोव्हेंबरअखेरपर्यंत सही न झाल्यामुळे तुमची डिसेंबरची पेन्शन देयकातून वगळली गेली, आणि तुम्हाला ते कळलं जानेवारीत, पासबुक भरल्यावर. आता तुम्ही अर्जात "जानेवारीपासून पेन्शन बंद आहे" असं लिहिलंत, तर वाचणारा त्याचा अर्थ "माहे जानेवारीची पेन्शन" असा घेऊ शकतो, आणि थकबाकी काढताना डिसेंबरचा महिना निसटू शकतो. कुणी मुद्दाम करतं असं नाही, अर्जात लिहिलं तेवढंच टिपणीत उतरतं. म्हणून "माहे डिसेंबर 2024 पासूनचे (जानेवारी 2025 मध्ये जमा होणारे) निवृत्तिवेतन" असं दोन्ही बाजूंनी लिहा. शब्द चार जास्त झाले तरी चालतील.

हा अर्जाचा नमुना. मोकळ्या जागा तुमच्या पीपीओवरून, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेशावरून, आणि पासबुकावरून भरा.

---

दिनांक : 12 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. वरिष्ठ कोषागार अधिकारी,
(निवृत्तिवेतन शाखा)
जिल्हा कोषागार कार्यालय, ________

विषय : हयातीचा दाखला सादर करून, माहे डिसेंबर 2024 पासून थांबविलेले निवृत्तिवेतन पूर्ववत सुरू करणे व थकबाकी मिळणेबाबत.

पीपीओ क्रमांक : ________

महोदय,

मी, श्री. ________ (पीपीओवरील नाव), ________ या कार्यालयातून औषधनिर्माता या पदावरून दि. ________ रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो आहे. माझे निवृत्तिवेतन आपल्या कोषागारामार्फत ________ बँक, ________ शाखा येथील बचत खाते क्र. ________ (आयएफएससी ________) मध्ये जमा होते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 या काळात बंगळूर येथे होतो. त्यामुळे नोव्हेंबर 2024 मध्ये बँकेतील हयातीच्या यादीवर माझी स्वाक्षरी होऊ शकली नाही. परिणामी माहे डिसेंबर 2024 पासूनचे (जानेवारी 2025 मध्ये जमा होणारे) निवृत्तिवेतन मला मिळालेले नाही.

मी हयात असून, दि. 12 फेब्रुवारी 2025 रोजीचा साक्षांकित हयातीचा दाखला मूळ प्रतीत सोबत जोडला आहे. तरी विनंती की,

(1) माझे निवृत्तिवेतन पुढील मासिक देयकापासून पूर्ववत सुरू करावे, आणि
(2) माहे डिसेंबर 2024 पासून निवृत्तिवेतन पुन्हा सुरू होईपर्यंतची थकबाकी, त्या काळात लागू झालेल्या महागाई वाढीसह, वरील खात्यात जमा करावी.

अर्जात काही त्रुटी असल्यास खालील भ्रमणध्वनीवर अथवा पत्त्यावर कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी)
नाव, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक

सोबत : 1. हयातीचा दाखला (मूळ) 2. पीपीओच्या पहिल्या पानाची छायाप्रत 3. पासबुकाच्या पहिल्या पानाची व डिसेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदींची छायाप्रत 4. आधार कार्डाची छायाप्रत 5. रुग्णालयातून सुटी मिळाल्याच्या कागदाची छायाप्रत

---

अर्ज एका पानात मावला पाहिजे. पीपीओ क्रमांक विषयाच्या खाली, वेगळ्या ओळीत, ठळक लिहायला सांगितला आहे त्याला कारण आहे. कोषागारातल्या लिपिकासमोर हजारो निवृत्तिवेतनधारक असतात. नावाने शोधलं तर एकाच आडनावाचे, एकाच आद्याक्षरांचे पाच-सहा जण निघतात. पीपीओ क्रमांकाने एकच माणूस निघतो. तो क्रमांक तिसऱ्या परिच्छेदात दडलेला असला किंवा नसलाच, तर अर्ज "क्रमांक शोधून लावायचे" या गठ्ठ्यात जातो. मूळ पीपीओ सापडत नसेल तर जुन्या आयकर विवरणासाठी कोषागाराकडून घेतलेल्या पेन्शनच्या तपशिलावर तो मिळेल.

नाव पीपीओवर जसं आहे तसंच लिहा. तुम्ही सुमारे अठरा वर्षांपूर्वी निवृत्त झालात, तेव्हा आधार नव्हतं. पुष्कळांच्या पीपीओवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा एका ठिकाणी वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर असतं. फरक असेल तर पीपीओवरचं नाव लिहून कंसात "आधार कार्डावरील नाव :" असं देऊन टाका. हयातीच्या दाखल्यावरही हेच करा.

दोन विनंत्या वेगवेगळ्या मागायला सांगितल्या, कारण कार्यालयात त्या दोन वेगळ्या कृती आहेत. पेन्शन सुरू करणं म्हणजे पुढच्या मासिक देयकात तुमचं नाव पुन्हा घेणं. थकबाकी म्हणजे मागच्या महिन्यांचा हिशेब करून तो मंजूर करणं. फक्त "पेन्शन सुरू करावी" असं लिहिलेल्या अर्जावर पेन्शन सुरू होते आणि अर्ज निकाली म्हणून नस्तीला लागतो. मग थकबाकीसाठी दुसरा अर्ज, दुसरी खेप. बहुतेक ठिकाणी लिपिक स्वतःहून दोन्ही करतात, पण लिहून मागितलं की कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

## दाखला कुणाकडून आणि कसा

तुमच्यासाठी सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमची पेन्शन जिथे जमा होते त्याच शाखेचे व्यवस्थापक. ते तुम्हाला ओळखतात, तुमची सही त्यांच्याकडे आहे. नाहीतर कोणताही राजपत्रित अधिकारी चालेल: तहसीलदार, शासकीय रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, शासकीय महाविद्यालयातले प्राध्यापक. चालता येत असेल तर स्वतः कोषागारात जाऊन अधिकाऱ्यासमोर उभं राहणं हे तर सगळ्यात उत्तम, तिथे साक्षांकनाचा प्रश्नच संपतो.

खासगी डॉक्टरांच्या लेटरहेडवर "हे माझ्या उपचाराखाली आहेत" असं लिहून आणणारे पुष्कळ असतात. तुमच्याकडेही बंगळूरच्या रुग्णालयाचे असे कागद असतील. ते वैद्यकीय कारण दाखवतात, हयातीचा दाखला म्हणून धरले जात नाहीत. म्हणून नमुन्यात ते पाचव्या क्रमांकावर, फक्त कारणाच्या पुष्टीसाठी ठेवले आहेत.

छापील नमुना कोषागारात किंवा बँकेत मिळतो. नसेल तर कोऱ्या कागदावर एवढा मजकूर पुरे: "प्रमाणित करण्यात येते की, निवृत्तिवेतनधारक श्री. ________, पीपीओ क्र. ________, हे आज दि. ________ रोजी माझ्यासमोर समक्ष उपस्थित होते व ते हयात आहेत." खाली तुमची सही, अधिकाऱ्यांसमोरच केलेली. तिच्या खाली अधिकाऱ्यांची सही, पूर्ण नाव, पदनाम, कार्यालय, तारीख आणि शिक्का. छापील नमुन्यात निवृत्तीनंतर पुन्हा शासकीय नोकरी धरली आहे का, असं प्रतिज्ञापन असतं. तेही भरा, कोरं सोडू नका. कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनींच्या नमुन्यात पुनर्विवाह झालेला नाही, अशी ओळ असते. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना सांगून ठेवा, ही ओळ रिकामी राहिली म्हणूनही दाखले परत जातात.

एक प्रसंग माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नी, सत्तरी ओलांडलेल्या, दोन एसटी बदलून यायच्या. त्यांचा दाखला माझ्या हातात आला तेव्हा तो दुसऱ्यांदा परत फिरणार होता. गोल शिक्का होता, त्यावर कार्यालयाचं नाव होतं. खाली हिरव्या शाईत झोकदार सही होती. पण सही कुणाची, त्यांचं पद काय, हे कुठेच नव्हतं, आणि तारखेच्या जागी नुसती रेघ. पहिल्या खेपेला शिक्का नव्हता म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हा या बाकीच्या दोन गोष्टी कुणी सांगितल्याच नाहीत. त्या बाईंचे दोन महिने त्यात गेले. मी त्यांना आमच्याच अधिकाऱ्यांसमोर नेलं, तिथे नवा दाखला झाला, दहा मिनिटं लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की दाखला हातात घेऊन अधिकाऱ्यांच्या दारातून बाहेर पडण्याआधी चार गोष्टींवर बोट ठेवून पाहायचं. नाव, पदनाम, तारीख, शिक्का. एक जरी राहिली असेल तर तिथेच मागे फिरायचं. एकदा घरी आलात की परत जाणं जिवावर येतं.

सहीबद्दलही बोलू. तुमची नमुना सही अठ्ठावन्नाव्या वर्षी घेतलेली आहे. आज हात थरथरत असेल तर सही तशी येणार नाही, आणि जुळत नाही म्हणून शंका येऊ शकते. अशा वेळी सहीच्या शेजारी अंगठ्याचा ठसाही उमटवा आणि दोन्ही साक्षांकित करून घ्या. ठसा देताना अंगठा शाईत बुडवून दाबायचा नाही, हलकेच टेकवायचा. नाहीतर रेषा बुजतात आणि कागदावर नुसता डाग उरतो.

## मोबाईलवरून दाखला

मुलगी म्हणेल, बाबा, हे सगळं फोनवर होतं. होतं, आणि चांगलं होतं. जीवन प्रमाण ही केंद्र सरकारची सोय नोव्हेंबर 2014 पासून आहे. आधी त्यात बोटांचे ठसे द्यावे लागत, आणि वयाने रेषा झिजलेल्यांची तिथे फार कुचंबणा व्हायची. 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. मोबाईलमध्ये `Jeevan Pramaan` आणि `AadhaarFaceRD` ही दोन ॲप लागतात, कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे. घरी कुणी करून देणारं नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊन करून देतात, त्याचे 70 रुपये पडतात. नोव्हेंबरात तुम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर बंगळूरच्या खाटेवरून दाखला झाला असता.

पण यातली एक अडचण नीट समजून घ्या. अर्ज पूर्ण झाला की मोबाईलवर प्रमाण आयडी येतो आणि माणसाला वाटतं काम झालं. तो आयडी एवढंच सांगतो की दाखला तयार झाला. तो कोषागाराने स्वीकारला, हे त्यातून कळत नाही. ॲपमध्ये निवृत्तिवेतन मंजूर करणारं आणि ते देणारं कार्यालय निवडावं लागतं. तुम्ही राज्य शासनाचे निवृत्तिवेतनधारक आहात, तेव्हा महाराष्ट्र शासन आणि आपलं कोषागार निवडायचं. पुष्कळ जण पैसे बँकेत येतात म्हणून देणारं कार्यालय म्हणून बँक निवडतात, आणि दाखला भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. पीपीओ क्रमांकाच्या रकान्यात खातं क्रमांक टाकणारेही असतात. दाखला `jeevanpramaan.gov.in` वरून उतरवून घेता येतो. तो उघडून पीपीओ क्रमांक आणि कार्यालयाचं नाव स्वतः वाचा.

तुमच्या आत्ताच्या प्रकरणात पेन्शन आधीच थांबलेली आहे, त्यामुळे मी कागदी दाखलाच द्या म्हणेन. डिजिटल काढला तरी त्याची छापील प्रत आणि प्रमाण आयडी अर्जाला जोडा. थांबलेली पेन्शन कुणीतरी टेबलावर बसून सुरू करायची असते, आणि त्या माणसाच्या हातात कागद असलेला बरा.

चालता येत नसेल तर बँकेच्या शाखेला फोन करा. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरी येऊन हयातीचा दाखला घेण्यासारख्या सेवा द्याव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्येच बँकांना दिलेली आहे. शस्त्रक्रियेनंतर कोषागाराचे जिने चढण्याची गरज नाही.

## अर्ज देताना

अर्जाच्या दोन प्रती करा. एक आवक शाखेत द्यायची आणि दुसरीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. "साहेबांकडे ठेवून जा, काम होईल" असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. नंतर प्रत्येक चौकशीत तोच क्रमांक तुमच्या बाजूने बोलतो. जाता येत नसेल तर मुलगा, भाचा, शेजारी कुणीही अर्ज देऊ शकतो. दाखल्यासाठी तुम्ही समक्ष हवे, अर्ज देण्यासाठी नाही. स्पीड पोस्टाने पाठवला तर पावती जपा, आणि मूळ दाखला पाठवण्याआधी त्याची छायाप्रत काढून ठेवा.

पेन्शनची मासिक देयकं महिनाअखेरीच्या आधीच तयार होतात. 12 फेब्रुवारीला अर्ज गेला तर फेब्रुवारीच्या देयकात नाव येण्याची शक्यता चांगली, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला पैसे. अर्ज 25 तारखेला गेला तर बहुधा मार्चचं देयक, म्हणजे पैसे एप्रिलमध्ये. तेव्हा दाखला मिळाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. "पुढच्या आठवड्यात जाऊ" या एका वाक्यात पुरता महिना जातो.

पैसे आले की रक्कम तपासा. समजा तुम्हाला दरमहा हातात 31,400 रुपये येत होते आणि मार्चच्या सुरुवातीला पेन्शन पुन्हा सुरू झाली. तर त्या वेळची नियमित रक्कम फेब्रुवारीची, 31,400. थकबाकी डिसेंबर आणि जानेवारीची, दोन महिने, 62,800. एकूण 94,200. नियमित पेन्शन आणि थकबाकी एकत्र जमा होतीलच असं नाही, थकबाकी पुढच्या देयकातही येऊ शकते. खात्यात 62,800 दिसले तर लगेच घाबरू नका, आणि लगेच समाधानही मानू नका. फेब्रुवारीची पेन्शन आणि एकाच महिन्याची थकबाकी मिळून तीच रक्कम होते. कोषागारातून महिन्यांची फोड मागा. मधल्या काळात महागाई वाढ जाहीर झाली असेल तर तिचा फरकही त्यात यायला हवा. थांबलेल्या काळात कुणाला 80 वर्षं पूर्ण झाली असतील तर वयानुसार मिळणारी वाढही तपासायची. तुम्हाला त्याला अजून अवकाश आहे.

एक महिन्यात काहीच हललं नाही तर नवा अर्ज लिहू नका. नवा अर्ज म्हणजे नवा आवक क्रमांक, आणि जुना गठ्ठ्यात अजून खाली. दोन ओळींचं स्मरणपत्र द्या: "माझा अर्ज, आवक क्र. ____, दि. 12 फेब्रुवारी 2025, यावर झालेली कार्यवाही कळवावी." सोबत जुन्या अर्जाची पोच असलेली प्रत. त्यालाही उत्तर नसेल तर विभागाच्या सहसंचालक, लेखा व कोषागारे यांना तक्रार करता येते, आणि माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज टाकता येतो. त्यात "पेन्शन का दिली नाही" असं विचारू नका, कारण "का" ला उत्तर टाळता येतं. "आवक क्र. ____ च्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणी, काय टिपणी केली, त्याची प्रत द्यावी" असं विचारा. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. माझ्या अनुभवात हयातीच्या दाखल्याचं प्रकरण क्वचितच इथपर्यंत जातं. बहुतेक वेळा स्मरणपत्राची प्रत हातात घेऊन टेबलासमोर बसलं की त्याच दिवशी नोंद होते.

या दिवसांत एका गोष्टीपासून फार सांभाळा. "तुमची पेन्शन थांबली आहे, सुरू करण्यासाठी ओटीपी सांगा, लिंकवर माहिती भरा" असे फोन येतात. नेमकं थांबलेलं असल्यामुळे माणूस विश्वास ठेवतो. हयातीचा दाखला घेण्यासाठी कोषागाराला तुमचा ओटीपी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. असा फोन आला की ठेवून द्या आणि कोषागाराच्या कार्यालयातल्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारा.

पेन्शन सुरू झाल्यावर पोच असलेली प्रत आणि दाखल्याची छायाप्रत पीपीओच्या पाकिटातच ठेवा, आणि ते पाकीट कुठे आहे हे मुलीला सांगा. या फेब्रुवारीचा दाखला पुढच्या नोव्हेंबरला चालत नाही, नोव्हेंबरात पुन्हा द्यावाच लागतो. दुसरा गुडघा करायचा असेल आणि तेव्हाही तुम्ही बंगळूरला असाल, तर 1 नोव्हेंबरनंतर मुलीच्या फोनवरून डिजिटल दाखला करा आणि आठवड्याभराने कोषागारात फोन करून पीपीओ क्रमांक सांगून विचारा की नोंद झाली का.